बळीचा बकरा आणि सोडलेला बकरा

इंग्रजीतील ‘स्केपगोट’ ह्या शब्दासाठी मराठीत आणि हिंदीतही ‘बळीचा बकरा’ हा प्रतिशब्द इतका रूढ झाला आहे की, त्यात काही चुकत असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. शोकांतिकेच्या नायकाविषयी लिहिणारा समीक्षक तो वापरतो, राजकारणावर लिहिणारा पत्रकार वापरतो आणि मानवशास्त्रीय ग्रंथाचा अनुवादकही वापरतो. परंतु ज्या ग्रंथातून हा बकरा जगाच्या वाङ्मयात आला, त्या ग्रंथात त्याचा बळी दिला जात नाही. त्याला जिवंत सोडून देतात. बळी दिला जातो तो दुसराच बकरा. हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा नव्हे. यज्ञ व बली ह्यांविषयी गेल्या दीडशे वर्षांत पाश्चात्त्य मानवशास्त्राने जे सिद्धांत मांडले, त्यांच्यातील मुख्य वाद ह्या दोन बकऱ्यांमधील अंतरात सामावलेला आहे. विधी ह्या विषयावरील परिसंवादात हे सिद्धांत देणगीपासून देवाणघेवाणीपर्यंत आणि तेथून सामूहिक हिंसेपर्यंत असे क्रमाने मांडले जातात. अशा मांडणीमुळे पुढचा सिद्धांत मागच्याहून सखोल असल्याचा भास होतो. तो भास तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम मूळ विधी पाहू. बायबलमधील लेवीय ह्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात वार्षिक प्रायश्चित्तदिनाचे वर्णन आले आहे. प्रमुख याजक अहरोन स्वतःसाठी एक गोऱ्हा आणि लोकांसाठी दोन बकरे घेतो. दोन्ही बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जातात. एक परमेश्वराचा ठरतो, दुसरा अजाजेलचा. परमेश्वराच्या वाट्याचा बकरा कापला जातो. त्याचे रक्त पडद्याआड, परमपवित्र स्थानात नेऊन शिंपडतात आणि नंतर वेदीलाही लावतात. ह्या बकऱ्याच्या डोक्यावर कोणतेही पाप ठेवलेले नसते. हे रक्त माणसाला लावले जात नाही, वास्तूला लावले जाते. कारण वर्षभरातील अशुद्धी त्या वास्तूत साचलेली असते. जेकब मिलग्रोम ह्यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यात ह्या मुद्द्यावर विशेष भर दिला असून, अशा हवनाला ‘पापबली’ न म्हणता ‘शुद्धिबली’ म्हणावे असे सुचविले आहे. रक्ताचे काम आटोपल्यावर जिवंत बकरा पुढे आणतात. याजक आपले दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि लोकांच्या सर्व अपराधांचा उच्चार करतो. मग नेमलेला एक मनुष्य त्याला निर्जन प्रदेशात नेऊन सोडतो. परत येताना त्या मनुष्याला वस्त्रे धुवावी लागतात व स्नान करावे लागते.

येथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. कापलेल्या बकऱ्याची चरबी वेदीवर जाते, रक्त गाभाऱ्यात जाते, परंतु त्याचे कातडे, मांस आणि शेण छावणीबाहेर जाळले जाते. आणि ते जाळणाऱ्यालाही स्नान करूनच परतावे लागते. म्हणजे देवाला अर्पण झालेला बकराही पूर्णतः निर्दोष राहत नाही. परंतु ह्यातून दोन विधी एकच आहेत असे सिद्ध होत नाही. उलट, एकाच पशूच्या देहात देण्याचा भाग व टाकण्याचा भाग पुन्हा वेगळा काढला जातो एवढेच दिसते. ही वेगळे काढण्याची दक्षता पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

ग्रीक भाषांतरकारांनी अजाजेलच्या बकऱ्याला ‘दूर धाडलेला’ अशा अर्थाचे विशेषण लावले. लॅटिन भाषांतरानेही ‘पाठविलेला बकरा’ असेच म्हटले. विल्यम टिंडेल ह्याने 1530 मध्ये इंग्रजी शब्द घडविला, तोही ‘निसटणारा बकरा’ ह्याच अर्थाने. भाषांतराच्या ह्या साऱ्या परंपरेत बकरा जातो, मरत नाही. तो मेला आपल्या भाषांत. आणि तेही एका शब्दाच्या सोयीसाठी. ‘बली’ ह्या शब्दाचाही इतिहास ह्या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. वेदात बली म्हणजे करभार, भेट. गृह्यविधीतील बलिहरणात भुतांसाठी जमिनीवर शिजविलेले अन्न ठेवले जाते. तेथे हत्येचा संबंध नाही. पुढे शब्दाचा अर्थ पशुहत्येकडे सरकला, आणि आज ‘अपघातात दहा बळी’ असे म्हणताना त्यात देणारा, घेणारा, देव ह्यांपैकी कोणीच उरत नाही. फक्त मेलेला माणूस उरतो. भेटीपासून हिंसेपर्यंतचा जो प्रवास मानवशास्त्राने शंभर वर्षांत केला, तो ह्या एका शब्दाने कोणत्याही सिद्धांताच्या साहाय्याविना आधीच केलेला होता.

त्या सिद्धांतांपैकी देणगीचा सिद्धांत सर्वांत साधा. एडवर्ड टायलर ह्यांनी 1871 मध्ये तो मांडला: आदिमानव देवतेला एखाद्या सरदाराप्रमाणे नजराणा देतो, पुढे नजराण्याचा आदरभाव होतो आणि आदरभावाचा त्याग होतो. ह्या उपपत्तीत देवाला बकरा का आवडतो ह्याचे उत्तर आहे, पण बकरा मारावा का लागतो ह्याचे नाही. सरदाराला नजराणा जिवंतच देतात. रॉबर्टसन स्मिथ ह्यांनी 1889 मधील व्याख्यानांत उलट बाजू घेतली. त्यांच्या मते यज्ञाचे मूळ देण्यात नसून एकत्र जेवण्यात आहे. कुलाचा पवित्र पशू कुलानेच खावा आणि त्या मांसातून देव व माणसे ह्यांचे रक्तनाते नवे करावे. ह्यासाठी त्यांनी सीनाय वाळवंटातील उंटाच्या बळीचे जे वर्णन आधाराला घेतले, ते नीलस ह्या नावावर असलेल्या एका कथेतील आहे आणि त्या कथेची ऐतिहासिक विश्वसनीयता आज फारशी मानली जात नाही. मात्र सहभोजनाकडे लक्ष वेधण्याचे त्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

खरे वळण आले ते 1899 मध्ये, आंरी उबेर आणि मार्सेल मोस ह्यांच्या निबंधाने. ह्या दोन फ्रेंच पंडितांनी मूळ शोधण्याचा नाद सोडला आणि एका पूर्ण विधीची रचना पाहिली. तो विधी होता वैदिक पशुयाग. युलिउस श्वाब ह्यांनी 1886 मध्ये सूत्रग्रंथांवरून पशुयागाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले होते, आणि सिल्व्हाँ लेव्ही ह्यांचे ब्राह्मणग्रंथांतील यज्ञविचारावरील पुस्तक 1898 मध्ये निघाले होते. त्याहीपूर्वी, 1863 मध्ये, मार्टिन हाउग ह्यांनी पुण्यात राहून ऐतरेय ब्राह्मण संपादिले; श्रौतकर्म प्रत्यक्ष कसे होते हे त्यांनी एका श्रोत्रियाकडून करवून पाहिले होते. यज्ञाच्या आधुनिक सिद्धांताचा पाया असा भारतीय सामग्रीवर घातला गेला आहे. म्हणून त्या सिद्धांताची आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची परीक्षाही त्याच सामग्रीवर घेणे न्याय्य ठरते.

उबेर-मोस ह्यांचे म्हणणे थोडक्यात असे: यज्ञात पशूला पवित्र केले जाते आणि त्या पवित्रीकरणाच्या द्वारे यजमानाच्या अवस्थेत पालट घडतो. यजमान लौकिकातून पवित्र क्षेत्रात शिरतो, कृत्य होते, आणि तो सावधपणे परत बाहेर पडतो. पवित्र शक्ती धोकादायक असल्याने तिच्याशी सरळ संपर्क परवडत नाही. मधे एक तिसरा हवा. तो तिसरा म्हणजे पशू. यजमान देतो, पण स्वतःला देत नाही. ह्याच विचाराची दुसरी बाजू मोस ह्यांनी 1925 मधील देणगीवरील निबंधात पुढे आणली. ज्यांच्याशी माणसाने प्रथम करार केले त्या देवताच होत, कारण सर्व वस्तूंच्या खऱ्या मालक त्याच. देणे, घेणे आणि परत करणे ह्या तीन बंधनांचे जाळे देवांपर्यंत पोचते. तैत्तिरीय संहितेत ‘तू मला दे, मी तुला देतो’ ह्या भावनेचा मंत्र आहेच. परंतु मोस ह्यांच्या लेखी हा बाजारातला सौदा नव्हे. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश राहतो, आणि म्हणूनच ती घेणाऱ्याला बांधते.

आता पशुयाग प्रत्यक्ष पाहावा. निरूढपशुबंध हा स्वतंत्र पशुयाग. त्यात सहा ऋत्विज असतात आणि पशू म्हणजे बोकड. यूपाला बांधण्यापूर्वी त्याला दर्भाने स्पर्श करून देवतेसाठी नेमले जाते. नंतर आग्नीध्र पेटते कोलीत घेऊन त्याच्याभोवती फिरतो; हे पर्यग्निकरण होय. मग त्याला उत्तरेकडील शामित्रस्थानाकडे नेतात. जाताना होता जो प्रैष म्हणतो, त्यात ह्या पशूची माता, पिता, भ्राता आणि कळपातील सखा ह्यांनी अनुमती द्यावी अशी मागणी आहे. अध्वर्यू वपा भाजण्याच्या काटक्यांनी पशूला स्पर्श करतो आणि यजमान अध्वर्यूला. ह्याचे कारण संहिताच देते: पशू मृत्यूकडे नेला जात आहे, त्याला स्पर्श करावा तर यजमान मृत्यूकडे ओढला जाईल, न करावा तर यज्ञापासून तुटेल. म्हणून स्पर्श करावा आणि करू नये. उबेर-मोस ह्यांची संपूर्ण उपपत्ती ह्या एका काटकीवर उभी आहे असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

पशूला शस्त्राने मारीत नाहीत. शमिता त्याचे तोंड दाबून श्वास कोंडतो. आवाज निघता कामा नये, निघाल्यास प्रायश्चित्ताहुती आहे. ह्या वेळी ऋत्विज पाठ फिरवून आहवनीय अग्नीकडे पाहत राहतात. आणि ह्या कृत्याचे नाव हनन नव्हे, संज्ञपन. शब्दशः, संमती द्यावयास लावणे. त्यानंतर यजमानपत्नी येऊन पशूची इंद्रिये पाण्याने शांत करते. उदरातील वपा काढून, भाजून तिची आहुती देतात. हा विधीचा शिखरबिंदू. पुढे पुरोडाश, मग हृदय, जिव्हा इत्यादी अवदाने. रक्त राक्षसांच्या वाट्याला जाते आणि पोटातील मल खड्ड्यात पुरला जातो. इडेचा भाग ऋत्विज खातात.

सर्वांत शेवटी एक लहानशी क्रिया येते. पशूचे हृदय एका वेगळ्या शूलावर भाजलेले असते. मरताना पशूला जी वेदना झाली, जिला संहिता ‘शुच्’ म्हणते, ती हृदयात जमली आणि हृदयातून ह्या शूलात उतरली, असे मानलेले आहे. म्हणून तो शूल, कोरडी आणि ओली जमीन जेथे मिळते अशा जागी, पुरून टाकतात.

ह्या विधीत टायलरना वपेची आहुती दिसेल, रॉबर्टसन स्मिथना इडाभक्षण, उबेर-मोसना काटकी. प्रत्येक सिद्धांत विधीतील एका क्षणाला मूळ मानतो आणि उरलेले क्षण त्याच्या छायेत ढकलतो. मग संज्ञपनाचा क्षण कोणाचा? पाठ फिरवून बसलेल्या ऋत्विजांकडे ज्यांनी बोट दाखविले, ते दोन ग्रंथ योगायोगाने एकाच वर्षी, 1972 मध्ये, प्रसिद्ध झाले. वाल्टर बुर्कर्ट ह्यांनी ग्रीक यज्ञाचे मूळ शिकाऱ्याच्या अपराधभावनेत शोधले. मारणाऱ्याने आपण मारले नाही असे दाखविण्याचे जे नाट्य, ते त्यांच्या मते यज्ञाचे मर्म. रेने झिरार ह्यांनी त्याहून पुढची झेप घेतली.

झिरार ह्यांचा सिद्धांत त्याच्या पूर्ण बळासह मांडल्याशिवाय त्यावर टीका करणे अनुचित होईल. माणूस स्वतःहून इच्छा करीत नाही. दुसरा ज्याची इच्छा करतो त्याचीच तो करतो. त्यामुळे दोघे एकाच वस्तूसाठी प्रतिस्पर्धी होतात, एकमेकांची प्रतिबिंबे होतात, आणि हे वैर साथीसारखे पसरते. सारा समूह सर्वांविरुद्ध सर्व अशा अवस्थेला पोचतो तेव्हा अनुकरणच त्याला वाचविते: कोणीतरी कोणाकडे बोट दाखवितो, सर्व बोटे तिकडे वळतात, आणि एक मनुष्य मारला जातो. अकस्मात शांतता होते. ज्याच्यामुळे संकट आले त्याच्याच मृत्यूने ते गेले, म्हणून तो आधी राक्षस ठरतो आणि मग देव. ह्या मूळ हत्येची नियंत्रित पुनरावृत्ती म्हणजे यज्ञ. आणि तिचे मारणाऱ्यांच्या बाजूने केलेले कथन म्हणजे पुराणकथा. येथे दोन प्रतिनिधी आहेत: समूहाऐवजी एक मनुष्य, आणि त्या मनुष्याऐवजी विधीतील पशू. विधी चालावयाचा तर हे अदलाबदलीचे रहस्य कोणाला उमगता कामा नये.

1982 मधील ग्रंथात झिरार ह्यांनी चौदाव्या शतकातील फ्रेंच कवी गियोम द माशो ह्याच्या एका काव्याचे जे वाचन केले आहे, त्यास तोड नाही. महामारी आली, यहुद्यांनी विहिरींत विष घातले, त्यांना मारले, असे तेथे कवी सांगतो. आजचा कोणताही वाचक त्यातील विष खोटे व मृत्यू खरे असे तत्काळ समजतो. संकट, भेद पुसून टाकणारा गुन्हा, बळी पडणाऱ्याच्या अंगावरची खूण आणि त्याची हत्या ही चार लक्षणे जेथे एकत्र येतात, तेथे छळाचे कथन आहे असे ओळखावे, ही त्यांची कसोटी साहित्यसमीक्षेला मोलाची देणगी आहे. पुराणकथाही आपण अशाच अविश्वासाने का वाचत नाही, हा त्यांचा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

ब्राह्मणग्रंथांकडे झिरार शेवटी वळले. 2002 मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दिलेली त्यांची व्याख्याने पुढील वर्षी पुस्तकरूपाने आली. त्यांचा आधार मुख्यतः लेव्ही ह्यांचे पुस्तक. तेथे देव आणि असुर, दोघेही प्रजापतीचीच संतती, एकाच वस्तूसाठी पुन्हा पुन्हा झगडतात, आणि एकाच्या हाती यज्ञ लागला की झगडा मिटतो. ही कथासामग्री झिरार ह्यांच्या प्रतिस्पर्धेच्या कल्पनेला इतकी अनुकूल आहे की, ती त्यांच्यासाठीच रचली असावी असे वाटते. परंतु ही कथा आहे. कृतीचे वर्णन सूत्रांत आहे, आणि तेथे चित्र पालटते.

एक तर, पशुयागातील पशू कोणाच्या जागी उभा आहे हे ब्राह्मणग्रंथ लपवीत नाहीत. ऐतरेय ब्राह्मण स्पष्ट सांगते की दीक्षित यजमान स्वतःलाच देवतांना अर्पण करीत असतो आणि पशू ही त्याची सुटका होय. म्हणूनच ह्या पशूचे मांस खावे की नाही असा प्रश्न तेथे उपस्थित होतो आणि चर्चेअंती खावे असा निर्णय दिला जातो. ज्याच्या जागी पशू आहे तो यजमान तेथेच, सन्मानाने, काटकीच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. तो समूहाने निवडलेला परका नव्हे, लंगडा नव्हे, दोषी नव्हे. प्रतिनिधित्व येथे आहे, पण ते उबेर-मोस ह्यांनी सांगितलेले आहे, झिरार ह्यांनी सांगितलेले नव्हे.

दुसरे असे की, पशूविषयी द्वेषाचा एकही शब्द उच्चारला जात नाही. त्याच्यावर आरोप नाही, कोणाचे पाप नाही. अश्वमेधातील अश्वाला तर, तू मरत नाहीस, सुगम मार्गांनी देवांकडे जात आहेस, अशा आशयाचे आश्वासन ऋग्वेदच देतो. ज्यावर दोष लादला जातो आणि जे टाकले जाते, ते दुसरेच काही आहे: हृदयशूल. वेदना, अशुभ, मृत्यूचा दाह हे सर्व पशूपासून सोडवून एका लाकडी सळईत उतरविले जाते, आणि ती पुरली जाते. लेवीय ग्रंथात दोन बकरे आहेत. येथे बोकड एक आहे पण वाटणी तीच. देण्याचे एकीकडे, टाकण्याचे दुसरीकडे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांतील याज्ञिकांनी इतक्या काळजीने जी रेषा आखली, ती पुसून दोन्ही बाजू एक करणारा सिद्धांत त्या विधींचे स्पष्टीकरण करतो असे म्हणणे कठीण आहे.

ह्यावर झिरार ह्यांचे उत्तर ठरलेले आहे: ही रेषा हेच तर आच्छादन. संमती मागणारा प्रैष, संज्ञपन हा शब्द, पाठ फिरवून बसणे, ह्या सर्वांतून हत्या दडविली जात आहे. मग द्वेष दिसेल कोठून? ह्या उत्तरात तथ्याचा अंश आहे. हत्येविषयी अस्वस्थता सूत्रांच्या प्रत्येक ओळीत आहे. यहुदी परंपरेतही पुढील काळात, मिश्नाने नोंदविल्याप्रमाणे, अजाजेलचा बकरा कड्यावरून लोटला जाऊ लागला, जाताना त्याचे केस उपटले जात. आणि दोन्ही बकरे दिसण्यात, उंचीत व किमतीत सारखे असावेत असा नियमही मिश्नातच आहे. झिरारवादी वाचकाला ह्याहून चांगला पुरावा मिळणार नाही. परंतु तो उत्तरकालीन पुरावा आहे. मूळ विधीत नसलेली हत्या नंतर शिरली, हे त्यातून दिसते; मूळ हत्या झाकली जात होती हे नव्हे. शिवाय अस्वस्थता म्हणजे द्वेष नव्हे. ज्या सिद्धांताला हिंसा दिसली तर पुरावा मिळतो आणि न दिसली तर आच्छादनाचा पुरावा मिळतो, त्याला चूक ठरण्याची वाटच उरत नाही. माशोच्या काव्यात ही अडचण येत नाही, कारण तेथे प्रेते इतिहासाला ठाऊक आहेत. यज्ञाच्या बाबतीत प्रेत कल्पनेनेच पुरवावे लागते.

1983 मध्ये कॅलिफोर्नियात झिरार, बुर्कर्ट आणि जोनाथन झी. स्मिथ हे तिघे एका चर्चासत्रात एकत्र आले. तेथील निबंध व वादविवाद 1987 मध्ये ग्रंथरूपाने आले. स्मिथ ह्यांनी मांडलेला आक्षेप वरवर अगदी रुक्ष आहे. पशुबळी जगभर आढळतो तो पाळीव पशूंचा, आणि शेतकरी व पशुपालक समाजांत. शिकाऱ्याच्या अपराधभावनेचा किंवा आदिम हत्येचा येथे प्रश्नच नाही. कोणते जनावर ठेवायचे, कोणते केव्हा कापायचे हा पशुपालकाचा नित्याचा विचार यज्ञात अतिशयित रूपाने येतो. मूळ शोधू नका, कृती पाहा, हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. चर्चासत्रातील तिघांपैकी सर्वांत कमी आकर्षक गोष्ट त्यांनीच सांगितली, आणि तीच सर्वांत टिकाऊ ठरली आहे. मात्र पाळीव बोकडच का, ह्याचे उत्तर त्यांच्याकडे आहे. त्याच्या वेदनेसाठी वेगळा शूल का, ह्याचे नाही.

हत्या हेच यज्ञाचे हृदय असेल तर हत्या वगळल्यावर विधी कोसळावा. तसे होत नाही. सुदानमधील नुएर लोकांविषयी इव्हान्स-प्रिचर्ड ह्यांनी 1956 च्या ग्रंथात नोंदविले आहे की, बैल नसेल तेव्हा नुएर काकडी अर्पण करतात आणि तिला बैलच म्हणतात. मात्र ऐपत आल्यावर खरे जनावर द्यावे अशी अपेक्षा राहते. ही ऋणाची भाषा आहे, रक्ताची नव्हे. केरळातील पांजाळ येथे 1975 मध्ये झालेल्या अग्निचयनात बोकडांऐवजी केळीच्या पानात बांधलेले पिठाचे गोळे वापरले गेले. बाकी सर्व यथासांग झाले. ऐतरेय ब्राह्मण ह्या वाटेवर आधीच चाललेले होते: यज्ञीय सार पुरुषातून अश्वात, मग बैलात, मेंढ्यात, अजात आणि शेवटी पृथ्वीतून तांदळात गेले, म्हणून पुरोडाश हाच पशू, असे ते सांगते. ही माळ पुरुषापासून सुरू होते ह्याकडे झिरार बोट दाखवतील, आणि ते दाखविण्याचा त्यांना अधिकार आहे. पण माळ जिकडे जाते ती दिशाही पाहिली पाहिजे.

तात्पर्याने झिरार ह्यांचा सिद्धांत यज्ञाचा नसून छळाचा आहे, आणि छळाचा म्हणून तो थोर आहे. साहित्यसमीक्षेत ह्या दोहोंची गल्लत वारंवार होते. नॉर्थ्रप फ्राय ह्यांनी 1957 मध्ये समूहाकडून हाकलल्या जाणाऱ्या पात्राला ग्रीक विधीतील ‘फार्माकोस’ हे नाव दिले, तेव्हापासून प्रत्येक दुःखी नायक बहिष्कृत आणि प्रत्येक बहिष्कृत बळी ठरू लागला. ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे इडिपस. झिरार त्याला नगराने दोषी ठरविलेला निरपराध मानतात. परंतु सॉफोक्लिझच्या नाटकाच्या अखेरीस इडिपसला कोणी हाकलीत नाही. हद्दपारी तो स्वतः मागतो, आणि क्रेऑन, देवाचा कौल पुन्हा घेईपर्यंत थांब, असे म्हणून त्याला घरात नेतो. नाटककाराने विधी हाताशी धरला आणि शेवटच्या क्षणी तो पुरा होऊ दिला नाही. ‘बळीचा बकरा’ हा तयार शब्द जवळ असणाऱ्या समीक्षकाला हा नकार दिसत नाही.

शब्दाचा प्रश्न येथे केवळ काटेकोरपणाचा राहत नाही. दंगलीत मारल्या गेलेल्या माणसाला ‘बळी’ म्हटले की, कोणी तरी कोणाला तरी काही अर्पण केले असा ध्वनी त्या हत्येला चिकटतो. युरोपातील यहुद्यांच्या संहारासाठी ‘होलोकॉस्ट’ हा शब्द रूढ झाला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ संपूर्ण जाळलेले हवन असा आहे. मारणाऱ्यांनी कोणत्या देवाला कोणते हवन दिले, असा प्रश्न विचारून अनेक यहुदी लेखकांनी तो नाकारला आणि ‘शोआ’, म्हणजे विनाश, हा हिब्रू शब्द पसंत केला. झिरार ह्यांना हत्येवरील पावित्र्याचे आवरण फाडावयाचे होते. त्यांच्या सिद्धांताचा मराठी अनुवाद ‘बळी’ ह्या शब्दाने केला की तेच आवरण पुन्हा चढते.

मराठीत दुसरे शब्द नाहीत असेही नाही. देवापुढे ठेवतो तो नैवेद्य, वाटून खातो तो प्रसाद, आणि दुखणेकऱ्यावरून ओवाळून तिठ्यावर टाकतो तो उतारा. उताऱ्याचा भात कोणी प्रसाद म्हणून खात नाही आणि नैवेद्य कोणी तिठ्यावर टाकीत नाही. घरातल्या वृद्ध स्त्रीला जो भेद सहज कळतो तोच लेवीय ग्रंथातील दोन बकऱ्यांत आणि वपा व शूल ह्यांत आहे. अजाजेलचा बकरा हा उतारा होय. तो शब्द समीक्षेच्या भाषेत घ्यावयाचा की नाही हे अनुवादकांनी ठरवावे. वृत्तपत्रांतील ‘बळीचा बकरा’ त्यामुळे जाणार नाही. पण निदान झिरार ह्यांच्या ग्रंथाच्या अनुवादात, जेथे बकरा सोडला जातो तेथे ‘सोडला’ आणि जेथे मारला जातो तेथे ‘मारला’ असे वेगळे लिहिले गेले, तर त्यांचा युक्तिवाद कोणत्या ठिकाणी एका क्रियापदावरून दुसऱ्यावर उडी घेतो, हे मराठी वाचकाला पानावरच दिसेल.